"एकदाच भरायचंय" म्हणून दिलेली पॉलिसी दरवर्षीची निघाली तर: ३० दिवसांत काय करायचं, आणि ३० दिवस गेले तर काय

माझे मामा कोल्हापुरातच असतात, साखर कारखान्यातनं रिटायर झाले तेव्हा हातात बऱ्यापैकी रक्कम आली आणि ती बातमी तालमीत, भिशीत सगळीकडं पोचली. मग एक ओळखीतला विमा एजंट घरी यायला लागला. रोज नाही, पण आठवड्यातनं दोनदा, चहाला. त्याचं म्हणणं एकच होतं, की मामा, बँकेत एफडीला काय व्याज मिळतंय, ही स्कीम घ्या, दोन लाख एकदाच भरायचे, पाच वर्षांनी डबल, आणि वर विमा फुकट. मामांनी ३ डिसेंबरला चेक दिला. चार ठिकाणी सह्या केल्या, फॉर्म कोराच होता, "बाकीचं मी भरतो" असं तो म्हणाला.

२२ डिसेंबरला कुरियरनं पॉलिसी आली. मामांनी पाकीट फोडलं, वर आपलं नाव बघितलं आणि कपाटात ठेवून दिलं. मी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो होतो तेव्हा सहज बघायला मागितली म्हणून हे सगळं कळलं. नसती मागितली तर पुढच्या डिसेंबरात दुसऱ्या दोन लाखांची नोटीस आल्यावरच कळलं असतं, आणि तोपर्यंत वेळ निघून गेलेली असती.

असं ज्यांच्या घरी झालंय किंवा झालंय का अशी शंका येतीय, त्यांच्यासाठी आम्ही काय काय केलं, कुठं अडलो ते सगळं सविस्तर लिहितोय.

पहिलं काम: पॉलिसीची तीन पानं वाचा

पॉलिसीचं बाड बघून माणूस घाबरतो, साठ-सत्तर पानं असतात. पण फसवणूक झालीय का हे कळायला सगळी वाचावी लागत नाहीत.

पहिलं पान म्हणजे शेड्यूल, त्यात एक तक्ता असतो. तिथं तीन गोष्टी शोधा. प्रीमियम किती आणि किती दिवसांनी भरायचा (वार्षिक, सहामाही, मासिक की सिंगल), प्रीमियम पेइंग टर्म म्हणजे किती वर्षं भरायचाय, आणि पॉलिसी टर्म म्हणजे पैसे कधी मिळणार. मामांच्या पॉलिसीत लिहिलं होतं, प्रीमियम २,००,००० वार्षिक, भरायची मुदत १० वर्षं, पॉलिसीची मुदत २० वर्षं. म्हणजे "एकदाच दोन लाख" नव्हतेच, वीस लाख भरायचे होते, आणि मामा आज ६१ चे, पैसे मिळणार ८१ व्या वर्षी. खरं तर एवढं एक पान बघितलं तरी सगळा प्रकार उघडा पडतो. एकदाच भरायची पॉलिसी असेल तर तिथं स्वच्छ "सिंगल" लिहिलेलं असतं. "वार्षिक" लिहिलं असेल तर एजंट तोंडानं काहीही म्हणू दे, ती वार्षिकच.

दुसरं म्हणजे प्रपोजल फॉर्मची, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जाची झेरॉक्स, ती पॉलिसीच्या मागं जोडलेली असते. हे पान लोक बघतच नाहीत आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. मामांच्या फॉर्मवर धंदा "बिझनेस" आणि वर्षाचं उत्पन्न १२ लाख लिहिलं होतं, मामांनी आयुष्यात धंदा केलेला नाही. मामांचं वय जास्त म्हणून विमा त्यांच्या मुलाच्या नावावर काढलेला, तो ३१ वर्षांचा, आणि प्रपोजर, म्हणजे विमा काढणारे, म्हणून मामा. मुलाला तर आपल्या नावावर विमा आहे हेच माहीत नव्हतं! त्याच्या नावापुढची सही त्यानं केलेलीच नव्हती. आणि मोबाइल नंबर, ईमेल दोन्ही भलतेच. मामांना ईमेल नाहीच. तो नंबर आम्ही फोनमध्ये टाकून बघितला तर एजंटचाच दुसरा नंबर निघाला.

हे का करतात ते समजून घ्या. पॉलिसी देण्याआधी कंपनीकडनं एक व्हेरिफिकेशनचा कॉल येतो, "तुम्हाला माहितीय ना की दरवर्षी इतके भरायचेत, इतकी वर्षं भरायचेत" असं विचारतात आणि ते रेकॉर्ड होतं. नंबर एजंटचा असेल तर कॉल त्यालाच जातो. नंबर तुमचा असेल तर एजंट आधीच पढवून ठेवतो, "कॉल आला की सगळ्याला हो म्हणा, नाहीतर पॉलिसी अडकते." तो "हो" पुढं तुमच्याच विरोधात वापरला जातो, म्हणून असा कॉल आला तर नीट ऐका आणि जे सांगितलंय त्यापेक्षा वेगळं वाटलं तर तिथंच नाही म्हणा.

तिसरं, बेनिफिट इलस्ट्रेशन. वर्षावर्षाचा तक्ता असतो, त्यात ४ टक्के आणि ८ टक्के असे दोन रकाने असतात. एजंट ८ टक्क्यांचा आकडा दाखवून "एवढे मिळणारच" म्हणतो. ते दोन्ही फक्त समजण्यापुरते धरलेले दर आहेत. पक्की रक्कम असेल तर ती गॅरंटीड म्हणून वेगळ्या रकान्यात असते. मामांच्या तक्त्यात पाचव्या वर्षासमोर चार लाख कुठंच नव्हते.

३० दिवस कधीपासून मोजायचे

विमा पॉलिसी पसंत नाही म्हणून परत करायची मुदत असते, तिला फ्री लूक म्हणतात. आधी ही साधारण १५ दिवसांची होती, ऑनलाइन किंवा फोनवर घेतलेल्या पॉलिसीला ३०. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था आयआरडीएआय, तिच्या २०२४ च्या नियमांनंतर सगळ्यांना ३० दिवस झालेत, मुदत एक वर्षापेक्षा कमी असलेल्या पॉलिसी सोडून. अजून बरेच एजंट "पंधरा दिवस होऊन गेले, आता काही होत नाही" म्हणतात. जुन्या पॉलिसीच्या छापील कागदावरचं वाचून कुणी तसं सांगत असेल तर ऐकू नका.

मोजायचं कधीपासून? चेक दिला त्या दिवसापासून नाही, पॉलिसीवर छापलेल्या तारखेपासून नाही, पॉलिसीचा कागद तुमच्या हातात आला त्या दिवसापासून. मामांचा कागद २२ डिसेंबरला आला, म्हणजे २१ जानेवारीपर्यंत वेळ. पण एक गोची आहे. आता पॉलिसी ईमेलवर पीडीएफ म्हणूनही जाते, आणि तुमच्या ईमेलवर ती आधी येऊन पडली असेल तर दिवस तिथनं मोजले जातात. म्हणून ईमेल स्वतःचाच द्या आणि मेल आला की उघडून बघा.

हाती आलेलं कुरियरचं पाकीट फेकू नका. वरचा डॉकेट नंबर, तारीख, सगळं त्याच पाकिटावर असतं. मामींनी ते पाकीट रद्दीत टाकलं नव्हतं, पॉलिसी त्यातच घालून ठेवलेली, ते आम्हाला पुढं उपयोगी पडलं.

एजंटला सांगत बसू नका

मामांनी मला न विचारता एजंटला फोन केला. तो म्हणाला, "मामा, काळजी नको, पुढच्या सोमवारी साहेब येणार आहेत, आपण कॅन्सल करून दुसरी सिंगलवाली देऊ, ओरिजिनल माझ्याकडं द्या." मामा द्यायला निघाले होते, मी थांबवलं.

इथं बहुतेक लोक फसतात. पॉलिसी फ्री लूकमध्ये परत गेली की एजंटला मिळालेलं कमिशन कापून घेतात, आणि पहिल्या वर्षाचं कमिशनच सगळ्यात मोठं असतं. त्यामुळं त्याचा फायदा दिवस घालवण्यात आहे. पुढचा सोमवार, मग पौर्णिमा, मग साहेब रजेवर, असं करत ३१ वा दिवस उजाडतो. आणि ओरिजिनल त्याच्या हातात दिली असेल तर तुमच्याकडं दाखवायला कागदच उरत नाही. एजंटला तोंडी सांगितलेलं कंपनीला सांगितलं असं धरत नाहीत, म्हणून तुमचा अर्ज थेट कंपनीत जायला पाहिजे.

अर्ज कसा द्यायचा

१३ जानेवारीला, भोगीच्या दिवशी, आम्ही कंपनीच्या कोल्हापूरच्या शाखेत गेलो. मोजून बावीस दिवस झाले होते. बरोबर नेलं ते असं: अर्जाच्या दोन प्रती, ओरिजिनल पॉलिसी, आधार-पॅनची झेरॉक्स, ज्या खात्यातनं चेक दिला त्या खात्याचा कॅन्सल चेक. ओरिजिनल द्यायच्या आधी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत फोनवर स्कॅन करून घ्या, प्रपोजल फॉर्मसकट.

अर्ज एवढाच होता:

"पॉलिसी क्रमांक अमुक. पॉलिसीचा कागद मला २२ डिसेंबर रोजी कुरियरने मिळाला. पॉलिसीच्या अटी वाचल्यावर त्या मला मान्य नाहीत. मला सांगितले होते त्याप्रमाणे ही एकदाच हप्ता भरायची पॉलिसी नसून १० वर्षे वार्षिक हप्त्याची आहे. म्हणून फ्री लूक मुदतीत ही पॉलिसी रद्द करून माझा प्रीमियम सोबत दिलेल्या बँक खात्यात परत करावा. मी कोणताही क्लेम केलेला नाही. मूळ पॉलिसी सोबत जोडली आहे."

खाली मामांची सही, तारीख, त्यांचा खरा मोबाइल नंबर.

यात एजंटनं काय काय केलं ते मुद्दाम कमी लिहिलंय. फ्री लूकमध्ये पॉलिसी परत करायला फसवणूक सिद्ध करावी लागत नाही, अटी पटल्या नाहीत एवढं कारण पुरतं. त्याच अर्जात खोटी सही, खोटं उत्पन्न हे सगळं घातलं तर फाइल चौकशीला जाते आणि "चौकशी चालू आहे" म्हणत पैसे अडकतात. फसवणुकीची तक्रार वेगळ्या कागदावर, नंतर. हे माझं मत आहे, पण आम्हाला ते बरोबर ठरलं असं मला वाटतं.

काउंटरवरची मुलगी चांगली होती, पण म्हणाली, "ठेवून जा, साहेबांना दाखवते." ठेवून जायचं नाही. दुसऱ्या प्रतीवर कंपनीचा शिक्का, तारीख, घेणाऱ्याची सही, हे झाल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. मामा संकोचले होते, "कशाला त्यांना त्रास," असं म्हणत होते. आम्ही अर्धा तास बसलो, शिक्का मिळाला. तो शिक्का नसता तर पुढचं काहीच जमलं नसतं. शिवाय त्याच संध्याकाळी मामांसाठी नवा ईमेल काढून अर्जाचा फोटो कंपनीच्या कस्टमर केअरला आणि तक्रारी बघणाऱ्या ग्रिव्हन्स ऑफिसरला पाठवला, म्हणजे तारखेचा दुसरा पुरावा झाला. शाखा जवळ नसेल, म्हणजे तुम्ही आजऱ्याला किंवा चंदगडला असाल, तर ईमेल करा आणि स्पीड पोस्टनं पाठवा, पावती जपून ठेवा.

पैसे किती कापले जातात

पूर्ण दोन लाख येत नाहीत, पण कापायचं ते तीनच गोष्टींचं. जितके दिवस विमा चालू होता तेवढ्या दिवसांची जोखमीची रक्कम, मेडिकल टेस्ट केली असेल तर तिचा खर्च, आणि स्टॅम्प ड्यूटी. एजंटचं कमिशन तुमच्याकडनं कापता येत नाही, प्रोसेसिंग फी नाही, दंड नाही.

मामांचं उदाहरण घ्या. सम अॅश्युअर्ड, म्हणजे विम्याची रक्कम, २० लाख. आयुर्विम्याला स्टॅम्प ड्यूटी हजाराला २० पैसे, म्हणजे ४०० रुपये. ३१ वर्षांच्या माणसाच्या २० लाखांच्या विम्याची जोखमीची रक्कम महिन्याभराची काढली तरी दोन-तीनशेच्या आत बसते. मेडिकल झालंच नव्हतं. म्हणजे दोन लाखातनं सहा-सातशे रुपये गेले तर ठीक. पाच-दहा हजार कापले तर हिशेब लेखी मागा, कुठल्या नावाखाली किती कापलं ते.

युलिप असेल, म्हणजे पैसे मार्केटला लावणारी पॉलिसी, तर हिशेब वेगळा. त्यात रद्द करायच्या दिवशीची एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटची किंमत, बघतात, त्यामुळं मार्केट पडलं असेल तर फंडातला तोटा तुमचा, चढलं असेल तर फायदाही तुमचा. म्हणून युलिपमध्ये उगाच विचार करत बसण्यात धोका जास्त.

अर्ज कंपनीला मिळाल्यापासून सात दिवसांत पैसे परत करायचे असा नियम आहे.

आमचे सात दिवसांत आले नाहीत

दहाव्या दिवशी ईमेल आला, की तुमची विनंती फ्री लूक मुदतीनंतर आलीय म्हणून मान्य करता येत नाही, पॉलिसीची पीडीएफ १० डिसेंबरला नोंदणीकृत ईमेलवर पाठवली होती. म्हणजे त्यांच्या हिशेबानं ९ जानेवारीला मुदत संपली आणि आम्ही चार दिवस उशीर केला.

आता तो "नोंदणीकृत ईमेल" म्हणजे एजंटनं फॉर्मवर लिहिलेला भलताच ईमेल. मामा खचले, "गेले म्हणायचे दोन लाख" म्हणाले. पण त्या उत्तरातच आमचा मुद्दा होता. मुदत कागद ग्राहकाला मिळाल्यापासून आहे. परक्या माणसाच्या ईमेलवर गेलेला कागद मामांना मिळाला असं कसं म्हणता येईल?

प्रत्येक विमा कंपनीत ग्रिव्हन्स रिड्रेसल ऑफिसर असतो, पॉलिसीच्या शेवटच्या पानांत नाव-पत्ता असतो. त्यांना लेखी लिहिलं. तीनच मुद्दे घातले. एक, तो ईमेल आणि मोबाइल नंबर मामांचा नाही, मामांचा नंबर हा, आधारला आणि बँकेला हाच जोडलेला. दोन, कुरियरच्या पाकिटाचा फोटो, डॉकेट नंबर, कुरियरच्या साइटवरचा डिलिव्हरीचा स्क्रीनशॉट, २२ डिसेंबर. तीन, व्हेरिफिकेशन कॉलचं रेकॉर्डिंग आम्हाला द्या आणि तो कुठल्या नंबरवर केला ते सांगा. त्या रेकॉर्डिंगमध्ये जो कोण "हो" म्हणालाय तो मामांचा आवाज नाही, कारण मामांना असा कॉल आलेलाच नाही.

या तिसऱ्या मुद्द्यानं काम झालं असा माझा अंदाज आहे. रेकॉर्डिंग त्यांनी शेवटपर्यंत दिलं नाही.

कंपनीला तक्रार सोडवायला १४ दिवस असतात. चौदा दिवस गेले, उत्तर नाही. पंधराव्या दिवशी बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाकली, bimabharosa.irdai.gov.in. मोबाइल नंबरवर रजिस्टर करायचं, कंपनी निवडायची, पॉलिसी नंबर टाकायचा, तक्रारीचा प्रकार निवडायचा, कागद अपलोड करायचे, एक टोकन नंबर मिळतो. ज्यांना ऑनलाइन जमत नाही त्यांच्यासाठी १५५२५५ हा टोल-फ्री नंबर आहे. एक नीट समजून घ्या, हे पोर्टल न्यायनिवाडा करत नाही. तक्रार कंपनीकडंच जाते, पण आयआरडीएआयच्या नजरेसमोर जाते, आणि कंपनीला त्याच पोर्टलवर उत्तर द्यावं लागतं, त्यामुळं शाखेत पडून राहिलेली फाइल हलते. तिथं "तक्रार बंद" असा मेसेज आला तरी घाबरू नका, पुढचा रस्ता बंद झालेला नसतो.

पोर्टलवर टाकल्यावर आठवड्याभरात कंपनीचा फोन आला, या वेळी मामांच्या खऱ्या नंबरवर. काही कारण न देता "विशेष बाब म्हणून" फ्री लूक मान्य केलं, आणि फेब्रुवारीच्या शेवटी खात्यात पैसे आले. साडेपाचशेच्या आसपास कापले होते.

३० दिवस खरंच होऊन गेले असतील तर

मग रस्ता लांब आहे, पण आहे. फरक एवढाच, की आता नुसतं "पटलं नाही" चालत नाही, खोटं सांगून विकली हे दाखवावं लागतं, आणि तोंडी बोलण्याला इथं फार किंमत नसते कारण प्रत्येक पानावर तुमची सही असते. चालतं काय? एजंटनं पाठवलेला व्हॉट्सअॅप मेसेज ज्यात "वन टाइम" किंवा "५ साल में डबल" लिहिलंय. त्यानं कागदाच्या चिटोऱ्यावर पेनानं मांडलेला हिशेब, तो जपून ठेवा, त्याच्या अक्षरातला आहे. फोन रेकॉर्डिंग. प्रपोजल फॉर्मवरचं खोटं उत्पन्न आणि त्यासमोर तुमची पेन्शनची पावती किंवा बँकेचं पासबुक: वर्षाला तीन लाख पेन्शन असलेल्या माणसाला दरवर्षी दोन लाखांचा हप्ता झेपणार नाही हे कागदावरनंच दिसतं, हा मुद्दा मला सगळ्यात बळकट वाटतो. सही खोटी असेल तर बँकेतली सही आणि फॉर्मवरची सही शेजारी ठेवून.

आधी वरच्यासारखंच कंपनीच्या ग्रिव्हन्स ऑफिसरला लेखी. त्यांनी नाकारलं, किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपाल. आपल्या कोल्हापूरला पुण्याचं लोकपाल कार्यालय लागू होतं. फी नाही, वकील लागत नाही, वकील चालतच नाही, स्वतःच मांडायचं. तक्रार cioins.co.in वर ऑनलाइन करता येते. सुनावणी व्हिडिओवर होऊ शकते, त्यामुळं वयस्क माणसाला दर वेळी पुण्याला जावं लागेलच असं नाही. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी ते घेतात, आणि त्यांचा निकाल कंपनीला पाळावा लागतो. कंपनीनं नाकारल्यापासून एक वर्षाच्या आत जायचं, ही मुदत डायरीत लिहून ठेवा. आणि तीच तक्रार ग्राहक आयोगात चालू असेल तर लोकपाल घेत नाहीत, म्हणून दोन्हीकडं एकदम धावू नका.

जिल्हा ग्राहक आयोग कोल्हापुरातही आहे, दोन वर्षांच्या आत जाता येतं, भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. पण तिथं तारखा लागतात. माझं मत विचाराल तर कागदावर दिसणारं प्रकरण असेल तर आधी लोकपाल. मानसिक त्रासाची भरपाई वगैरे मागायची असेल किंवा बँकेलाही ओढायचं असेल तर ग्राहक आयोग. बँकेच्या शाखेतच लोन किंवा लॉकरच्या बदल्यात पॉलिसी गळ्यात मारली असेल तर बँकेकडं वेगळी तक्रार करा, आणि ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं cms.rbi.org.in वर.

दोन गोष्टींनी केस कमजोर होते. एक, दुसरा हप्ता भरणं, कारण मग कंपनी म्हणते की तुम्हाला वार्षिक हप्ता माहीत होता. दुसरं, तीन-चार वर्षं गप्प बसून मग तक्रार करणं. पैसे अडकलेलेच असतील आणि तक्रारीत दम नसेल तर सरेंडरचा, म्हणजे पॉलिसी मधेच मोडली तर किती मिळतील तो आकडा लेखी मागवा. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या नियमांत पारंपरिक पॉलिसीचा पूर्ण एक वर्षाचा हप्ता भरलेला असेल आणि वर्ष पूर्ण झालं असेल तर काहीतरी सरेंडर व्हॅल्यू मिळते, पूर्वी दोन वर्षं भरल्याशिवाय सगळंच बुडायचं. युलिपमध्ये पाच वर्षं पैसे हलत नाहीत, हप्ता थांबवला तरी पाच वर्षांनंतरच मिळतात.

पैसे आल्यावर एजंटची तक्रार

खात्यात पैसे जमा झाल्यावर मामांनी कंपनीला दुसरं पत्र दिलं, एजंटचा कोड नंबर घालून (तो पॉलिसीच्या पहिल्या पानावर असतो), खोटा नंबर, खोटं उत्पन्न, मुलाची न केलेली सही. मामा तयार नव्हते, तालमीतला माणूस, रोज तोंड दिसतं. मामींनी सांगितलं, आपण शिकलेले, भाचा आला म्हणून वाचलो, त्यानं आणखी किती घरांत चहा पिलाय कुणास ठाऊक. मग सही केली.

एक अजून. एजंट पॉलिसी घेताना "पहिल्या हप्त्यातले दहा हजार मी परत देतो" म्हणत असेल तर घेऊ नका. विमा कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे अशी सूट देणंही गुन्हा आणि घेणंही, दहा लाखांपर्यंत दंड आहे, आणि तुम्ही घेतली असेल तर तक्रार करताना तुमचेच हात बांधले जातात.

आणि तक्रार केल्यावर महिना-दीड महिन्यात मामांना दिल्लीकडनं फोन यायला लागले, की आम्ही आयआरडीएआयमधून बोलतोय, तुमच्या रद्द झालेल्या पॉलिसीचा बोनस अडकलाय, सोडवायला पंचवीस हजार भरा. आयआरडीएआय कुणाला फोन करून पॉलिसी विकत नाही, बोनस वाटत नाही, पैसे मागत नाही. मामांनी पहिल्या फोनला सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं. दुसऱ्या फोनला मामींनीच उचलून सांगितलं, लेखी पाठवा, पत्ता तुमच्याकडं असेलच, आणि फोन ठेवला. त्यानंतर आला नाही.